एकमत, पण कोणाचे? : 'इज्मा'ची गणती

आपल्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध झाली की बातमी येते, 'गावाने एकमताने निवड केली'. बातमी खोटी नसते. पण जरा खोदून विचारले तर कळते की कुणी अर्ज भरला होता आणि मागे घेतला, कुणी भरलाच नाही आणि कुणाला बैठकीचे बोलावणेच नव्हते. म्हणजे 'गाव' या शब्दात कोण मोजले गेले आणि कोण नाही, यावर त्या एकमताचा अर्थ ठरतो. इस्लामी कायद्याचा अभ्यास मी कौंडण्यपूरसारख्या वर्धेकाठच्या गावी बसून, भाषांतरे आणि न्यायालयांचे निकाल वाचत, एकट्याने केला. त्यात मला सर्वांत अधिक गुंतवून ठेवणारा प्रश्न हाच होता. फरक एवढाच, की तिथे एकमत म्हणजे सरपंचाची निवड नव्हे. एकदा सिद्ध झालेले एकमत तिथे कायद्याचा उगम मानले जाते.

त्या एकमताला अरबीत 'इज्मा' म्हणतात. सुन्नी परंपरेत कायद्याचे चार उगम सांगितले जातात. पहिला कुराण, दुसरा प्रेषितांचे आचरण म्हणजे सुन्ना, तिसरा इज्मा आणि चौथा कियास, म्हणजे साधर्म्यावरून काढलेला निष्कर्ष. इज्माची रूढ व्याख्या अशी : प्रेषितांच्या पश्चात एखाद्या काळातील सर्व मुज्तहिदांनी एखाद्या धार्मिक-कायदेशीर प्रश्नावर एकमत होणे. मुज्तहिद म्हणजे मूळ आधारांवरून स्वतः निर्णय काढण्याची पात्रता असलेला विद्वान. या एकमताला एवढे वजन का, तर 'माझा समाज चुकीवर एकवटणार नाही' या आशयाची प्रेषितांची वचने परंपरेत आहेत. कुराणाच्या चौथ्या सूऱ्यातील 115 वी आयतही आधाराला घेतली जाते. श्रद्धावंतांच्या वाटेहून वेगळी वाट धरणाऱ्याला तिच्यात इशारा आहे. एकटा विद्वान चुकू शकतो. सगळे मिळून चुकणार नाहीत, असा हा विश्वास आहे. म्हणूनच एखाद्या मुद्द्यावर इज्मा झाला असे ठरले की पुढच्या पिढीतील विद्वानाला तो प्रश्न पुन्हा उघडता येत नाही. दार बंद होते.

दार बंद करणारी गोष्ट असल्यामुळे, दाराच्या आत कोण होते हे तपासणे भाग पडते. आणि इथे परंपरेत एकमताच्या व्याख्येवरच एकमत नाही. मदिनेचे इमाम मालिक (मृत्यू 795) यांच्या पंथात मदिनेच्या लोकांच्या एकमताला विशेष मान आहे, कारण प्रेषितांचे आचरण त्या गावाने डोळ्यांनी पाहिले होते. जाहिरी पंथाच्या मते एकमत फक्त प्रेषितांच्या सहकाऱ्यांचे, सहाबांचे. पुढे विद्वान इतके पसरले की सगळ्यांचे मत कळणेच अशक्य झाले. इतिहासकार म्हणूनही प्रसिद्ध असलेल्या तबरी (मृत्यू 923) यांच्या नावावर असे मत आहे की एकदोघांच्या विरोधाने इज्मा मोडत नाही. बहुतेकांचे म्हणणे मात्र असे, की पात्रता असलेला एकजण जरी विरोधात उभा राहिला तरी ते बहुमत झाले, एकमत नव्हे. शिया परंपरेत विद्वानांच्या एकमताला स्वतःचे बळ नाही. त्या एकमतात निष्पाप इमामाचे मत सामील असेल तरच त्याला किंमत.

सामान्य माणसाचे काय? गझाली (मृत्यू 1111) यांनी 'अल-मुस्तस्फा' या ग्रंथात याची सुबक वाटणी केली आहे. दिवसाच्या पाच नमाजा, रमजानचे रोजे अशा गोष्टी विद्वान आणि सामान्य दोघांनाही कळतात, तिथे सगळ्यांचेच एकमत आहे. पण बारीक कायदेशीर प्रश्नात सामान्य माणूस जाणकारांवर विसंबून असतो; त्याच्या मतभेदाला तिथे स्थान नाही. आपल्या धर्मशास्त्राच्या वाचकाला ही मांडणी परकी वाटू नये. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात शंकेच्या प्रसंगी निर्णय देणारी परिषद दहा किंवा निदान तीन जाणत्यांची सांगितली आहे आणि हजारो अजाण एकत्र आले तरी ती परिषद होत नाही असेही बजावले आहे. दोन्हीकडे डोकी मोजत नाहीत, पात्रता मोजतात. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे : मुज्तहिद होण्यासाठी पुरुष असणे ही अट शास्त्रकारांनी घातलेली नाही. ज्ञान असेल तर स्त्रीचे मत, आणि गुलामाचेसुद्धा, मोजले पाहिजे हे तत्त्व जुनेच आहे. प्रेषितपत्नी आयेशा यांनी अनेक सहाबांची मते खोडून काढल्याचे दाखले परंपरा स्वतःच जपते.

हे सगळे तत्त्व झाले. ते प्रत्यक्षात कसे चालते हे पाहायला एकच प्रकरण नीट उलगडावे : एका बैठकीतील तीन तलाक. ज्या प्रश्नाने आपल्याकडच्या किती संसारांचा निकाल लावला, तो शेवटी इज्माच्या दाव्यावर उभा आहे.

सहीह मुस्लिम या हदीस-संग्रहात इब्न अब्बास यांच्या तोंडी एक कथन आहे. प्रेषितांच्या काळात, पहिले खलिफा अबू बक्र यांच्या काळात आणि उमर यांच्या खिलाफतीची पहिली दोन वर्षे, एकदम उच्चारलेले तीन तलाक एकच गणले जात. एक तलाक गणला की नवऱ्याला इद्दतच्या मुदतीत पत्नीला परत नांदवण्याची मुभा राहते. पुढे उमर (खिलाफत 634 ते 644) म्हणाले की ज्या गोष्टीत लोकांना सबुरीने वागायची सवड होती तिथे ते घाई करू लागले आहेत. तेव्हा ती घाई त्यांच्यावर लागूच करावी. त्यांनी तीन म्हणजे तीन असे ठरवले. संसार तिथेच संपला. त्या स्त्रीचा दुसऱ्याशी विवाह होऊन तोही संपल्याशिवाय पहिल्या नवऱ्याशी पुन्हा लग्न नाही.

इथे इज्माचा दावा असा मांडला जातो : उमर यांनी सहाबांच्या देखत हा निर्णय दिला, कोणी विरोध केला नाही, म्हणून सहाबांचे एकमत झाले. पुढे चारही सुन्नी पंथांच्या इमामांनी तोच निर्णय धरला. म्हणून हा प्रश्न मिटला.

आता हा दावा परंपरेच्याच कसोट्यांवर लावून पाहू. पहिली कसोटी मौनाची. आपण 'मौनं संमतिलक्षणम्' म्हणतो. अरबी शास्त्रात अशा एकमताला 'मूक इज्मा' असे नाव आहे आणि त्याच्यावर मोठा वाद आहे. हनफी विद्वानांनी तो बहुधा मान्य केला. पण शाफिई (मृत्यू 820) यांच्या नावे सांगितलेले तत्त्व असे की गप्प बसलेल्याच्या तोंडी कोणतेच मत घालता येत नाही. माणूस संमती म्हणून गप्प असेल, विचार चालू म्हणून गप्प असेल किंवा समोर उमर यांच्यासारखा दराऱ्याचा खलिफा आहे म्हणूनही गप्प असेल.

दुसरी कसोटी निर्णयाच्या जातीची. इब्न तैमिया (मृत्यू 1328) आणि त्यांचे शिष्य इब्न कय्यिम (मृत्यू 1350) यांचा युक्तिवाद असा, की उमर यांनी कायदा सांगितला नाही, राज्यकर्ता म्हणून शिक्षा लागू केली. लोकांनी बेताल होऊ नये यासाठी केलेला तो बंदोबस्त होता. राज्यकर्त्याच्या बंदोबस्ताला लोकांनी मान तुकवणे आणि विद्वानांनी धर्मनिर्णयावर एकमत होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय आधीची प्रथा जर सर्वांना मान्य होती, तर खरे एकमत तेच नव्हते काय, हा त्यांचा उलट प्रश्न.

तिसरी कसोटी विरोधी मतांची. इब्न अब्बास यांचे शिष्य ताऊस व इक्रिमा आणि प्रेषितचरित्रकार इब्न इस्हाक यांच्या नावावर तीन म्हणजे एकच हे मत नोंदलेले आहे. एकाचा विरोध जरी इज्मा मोडत असेल तर इथे एकाहून अधिक आहेत.

बहुमताच्या बाजूनेही उत्तरे आहेत आणि ती हलकी नाहीत. इब्न अब्बास यांनी स्वतः तीन म्हणजे तीन असा निवाडा दिल्याची कथने आहेत. मग त्यांच्याच नावावरचे वरचे कथन कसे घ्यायचे? काहींनी त्याचा अर्थ असा लावला की पूर्वी लोक जोर देण्यासाठी शब्द तीनदा उच्चारत, हेतू एकाचाच असे. पुढे हेतूच तिनाचा होऊ लागला आणि निवाडा बदलला. म्हणजे कायदा बदलला नाही, लोकांचा हेतू बदलला. वाचकाने कोणता पक्ष घ्यावा हे सांगणे माझे काम नाही. पण जो प्रश्न दोन्ही बाजूंनी इतका लढवला जातो, त्याच्यावर दार बंद झाले होते असे म्हणणे अवघड आहे.

आणि इथेच गणतीची खरी अडचण दिसते. शिया जाफरी पंथात एकदम दिलेले तीन तलाक मान्य नाहीत. मग एकमत कसे? उत्तर मिळते की शियांची गणना नाही. अहले-हदीस विद्वान तीन म्हणजे एकच मानतात. उत्तर मिळते की चार पंथांच्या बाहेर जाणाऱ्यांची गणना नाही. इब्न तैमियांचे मत? ते एकट्याचे विचलन, आणि आधीच्या इज्मानंतरचे. प्रत्येक उत्तराला स्वतंत्रपणे काही आधार आहे, पण सगळी एका ओळीत मांडली की लक्षात येते, जो सहमत नाही तो यादीतून गळतो आणि उरलेल्यांचे एकमत होते. गझाली यांना हा धोका दिसला असावा. धर्मबाह्य ठरलेला नसेल तर नव्या वाटेच्या विद्वानाचाही मतभेद मोजावा, असा त्यांचा कल आहे. 'सगळे सहमत आहेत' हा दावा कानावर आला तर एक साधी परीक्षा करता येते. विरोधकाला वगळण्याचे कारण त्याच्या विरोधाआधीपासून होते, की विरोध केला म्हणून ते सापडले? दुसरे असेल तर ते एकमत नव्हे.

हा वाद अरबस्तानातच राहिला नाही. आमच्या वऱ्हाडच्या सीमेला लागून बुऱ्हाणपूर आहे. औरंगजेबाने हनफी कायद्याचा जो प्रचंड कोश विद्वानांच्या मंडळाकडून करवून घेतला, त्या 'फतावा-इ-आलमगिरी'च्या मंडळाचे प्रमुख होते बुऱ्हाणपूरचे शेख निजाम. या कोशात हनफी परंपरेप्रमाणेच एकदम तीन तलाक हा पापमय, 'बिदअत' प्रकार आहे; पण दिला तर लागू होतो. हा कोश हनफी पंथातील मान्य मते एकत्र करतो. सर्व मुसलमानांचे एकमत नोंदवत नाही. तरीही नील बेली यांनी 1865 मध्ये मुख्यतः त्याच्याच आधारे इंग्रजी सारग्रंथ काढला आणि इंग्रज न्यायाधीशांच्या टेबलावर तो कायद्याचे पुस्तक म्हणून जाऊन बसला. 1897 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने बजावले की जुन्या मान्यवर भाष्यकारांच्या विरोधात जाऊन न्यायालयांनी कुराणाचा स्वतः अर्थ लावू नये. न्यायालयाच्या दृष्टीने हे सावधपणाचे होते. परिणाम मात्र असा झाला की जिवंत विद्वानांची गणतीच थांबली. एकमताची जागा छापील पुस्तकाने घेतली. 1905 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. बॅचलर यांनी साराबाई खटल्यात या तलाकाचे वर्णन केले, त्याचा आशय असा : धर्मदृष्ट्या वाईट, पण कायद्याने पक्का. पुढे जवळजवळ शंभर वर्षे हे वाक्य न्यायालयांत फिरत राहिले. ज्याला शास्त्रकार पाप म्हणत होते तेच कायद्याने चालत राहिले.

दरम्यान इतर देशांत दार उघडले गेले. इजिप्तने 1929 च्या कायद्याने एकदम उच्चारलेले तीन तलाक एकच मानले. तिथेही हनफी परंपरा होती. 1973 मध्ये अहमदाबादला वेगवेगळ्या प्रवाहांच्या उलेमांची या एकाच विषयावर बैठक झाली आणि त्यातल्या अनेकांनी तीन म्हणजे एक या बाजूला कौल दिला. पण ज्यांचा निवाडा गावोगाव पाळला जात होता, त्यांनी तो मानला नाही. घरोघरी एक व्यवहारी वाट मात्र रूढ झाली : रागाच्या भरात तीनदा बोलून पस्तावलेला हनफी नवरा अहले-हदीस मुफ्तीकडून फतवा आणून संसार वाचवतो. शास्त्रात जे मोजले जात नाही ते अडचणीत उपयोगी पडते, हाही गणतीचाच एक पुरावा.

महाराष्ट्रात हा प्रश्न रस्त्यावर आला तो 18 एप्रिल 1966 ला. हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. मागणी तोंडी तलाक, बहुपत्नीत्व यांविरुद्ध होती. दलवाईंनी 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. त्यांचा मार्ग इज्माचा नव्हता. त्यांना सर्वांना समान असा नागरी कायदा हवा होता. उलेमांच्या लेखी ते 'सामान्य' म्हणजे गणतीबाहेरचे, आणि त्यांनीही त्या गणतीत जागा मागितली नाही. त्यानंतर डिसेंबर 1972 मध्ये मुंबईतच मोठे अधिवेशन भरले. देवबंदी, बरेलवी, अहले-हदीस, शिया एका व्यासपीठावर आले आणि त्यातून पुढच्या वर्षी मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड उभे राहिले. ही एकजूट खरी होती, पण ती कशावर होती हे नीट वाचले पाहिजे. सरकारने व्यक्तिगत कायद्यात हात घालू नये यावर हे एकमत होते. तीन तलाक लागू होतो की नाही, यावर व्यासपीठावरच्याच मंडळींत मतभेद होते. एका प्रश्नावरचे एकमत दुसऱ्या प्रश्नावरचे म्हणून दाखवणे ही एकमताच्या दाव्यातली सर्वांत सहज होणारी गफलत आहे. 2005 मध्ये लखनौला शियांनी आणि स्त्रियांनी आपापली वेगळी बोर्डे काढली, तेव्हा ती उघड झाली.

स्त्रियांचा प्रश्न इथे पुन्हा आला, आणि या वेळी गणतीच्या आतून. 2007 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने, ज्याच्या संस्थापकांत मुंबईच्या नूरजहाँ सफिया नियाज आहेत, कुराणाचाच आधार घेऊन तीन तलाकला विरोध केला आणि पुढे स्त्रियांना काझीचे प्रशिक्षणही दिले. त्यावर आक्षेप आले, पण ते मुख्यतः त्यांचे शिक्षण परंपरेने मान्य केलेल्या मदरशांतले नाही असे होते. हा आक्षेप पोकळ नाही. पात्रता ही या शास्त्राची पहिली अट आहे. पण मग पुढचा प्रश्न येतोच, की ती पात्रता मिळवण्याची दारे स्त्रियांना किती पिढ्या उघडी होती? तत्त्वाने मोजायची आणि व्यवहाराने पोचू द्यायची नाही, यात तत्त्व शाबूत राहते आणि स्त्री बाहेरच राहते.

शेवटी निर्णय आला तो इज्मातून नाही. 1 ऑक्टोबर 2002 ला सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात, तलाकाला वाजवी कारण हवे आणि आधी समेटाचा प्रयत्न हवा, असे म्हटले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठानेही त्याच धर्तीवर, तलाक दिल्याचे केवळ सांगणे पुरत नाही, ते सिद्ध करावे लागते, असे ठरवले. 22 ऑगस्ट 2017 ला शायरा बानो खटल्यात पाच न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन मतांनी एकदम तीन तलाक रद्द ठरवले. त्या तिघांची कारणेही एक नव्हती : न्या. नरिमन आणि न्या. लळित यांनी ते मनमानी म्हणून घटनाबाह्य ठरवले, तर न्या. कुरियन जोसेफ यांनी जे कुराणाच्या विरुद्ध ते शरियतचे नाही असे म्हटले. 1905 च्या वाक्यातली दुफळी त्यांनी मिटवली : धर्मात जे वाईट ते कायद्यातही वाईट. 2019 च्या कायद्याने तो गुन्हा झाला.

मुहम्मद इक्बाल यांनी 1930 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत सुचवले होते की नव्या काळात इज्माला विधिमंडळाचे रूप घेता येईल. आणि लगेच शंकाही नोंदवली होती की भारतासारख्या ठिकाणी, जिथे विधिमंडळ मुसलमानांचे नाही, तिथे हे कसे जमावे? ती शंका आजही जागेवर आहे. न्यायालयाने निकाल दिला, संसदेने शिक्षा ठरवली. पण उमर यांच्या निर्णयावर मौन धरलेल्या सहाबांचे काय मोजायचे, हा प्रश्न त्या दोघांच्याही कक्षेतला नव्हता. तो अजून उलेमांच्या, आणि त्यांच्या दारात शिकायला येणाऱ्या मुलींच्या हाती आहे. त्या मुलींतल्या एखादीचा मतभेद उद्या नोंदला गेला, तर त्याला विचलन म्हणायचे की मत, यावरून कळेल की गणती खरोखर कशी चालते.